रोज दिसणारा तोच चेहरा: योगायोग की पाळत?

एकच अनोळखी माणूस फलाटावर, जिममध्ये किंवा अभ्यासिकेत वारंवार दिसू लागला की दोन शक्यता मनात येतात. एक तर दोघांच्या वेळा जुळत असतील, नाहीतर तो मुद्दाम वाटेत येत असेल. नेमके काय चालले आहे हे भेटींच्या संख्येवरून ठरवायला गेले की गल्लत होते. महिन्यात सात वेळा दिसलेला माणूस निव्वळ सहप्रवासी असू शकतो आणि तीनदाच दिसलेला माणूस पाळतीवर असू शकतो. पाहायचे ते हे, की या भेटी कशाला बांधलेल्या आहेत: घड्याळाला आणि जागेला, की एका विशिष्ट व्यक्तीला. व्यक्तीने आपली वेळ बदलली आणि भेटी जुन्या वेळेपाशीच राहिल्या, तर त्या घड्याळाच्या होत्या. त्या व्यक्तीबरोबर सरकल्या, तर त्यांच्यामागे कुणाचा तरी हात आहे.

योगायोगाच्या भेटी किती सर्रास होतात हे आधी लक्षात घ्यायला हवे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी 1972 मध्ये अशा चेहऱ्यांबद्दल लिहिले आणि त्यांना ‘ओळखीचे अनोळखी’ असे नाव दिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपनगरी रेल्वेच्या स्थानकांवर सकाळी गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या लोकांची छायाचित्रे काढली आणि नंतर ती त्याच स्थानकांवरच्या प्रवाशांना दाखवली. दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी निदान एक तरी चेहरा ओळखला. कधी एक शब्दही बोलणे झालेले नाही, पण चेहरा पक्का माहीत आहे, अशी सरासरी चार माणसे प्रत्येकाच्या खात्यात निघाली. सिंगापूरमधील बसप्रवाशांच्या लाखो स्मार्टकार्डांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकदा एका बसमध्ये आलेले दोन प्रवासी पुन्हा एकत्र आले तर बहुधा दिवसाच्या त्याच वेळेला येतात, असे त्यात दिसले. शहरात माणसांची गाठ घालून देण्याचे काम मुख्यतः वेळापत्रक करते.

मुंबईच्या लोकलमध्ये हे काम फार काटेकोरपणे होते. नेहमीच्या प्रवाशाची गाडी ठरलेली असते, डबा ठरलेला असतो, फलाटावर उभे राहायची जागाही ठरलेली असते. हा डबा उगाच निवडलेला नसतो. उतरायच्या स्थानकावर जिना किंवा पूल ज्या डब्यासमोर येतो तोच डबा धरायचा, हे रोजच्या प्रवाशाला कुणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे डोंबिवलीच्या फलाटावर एकाच इंडिकेटरखाली उभी राहणारी माणसे बऱ्याचदा उतरणारही एकाच स्थानकावर असतात आणि पुढे जाणारही एकाच दिशेला.

समजा, डोंबिवलीची एक नोकरदार तरुणी सकाळी आठच्या सुमाराची जलद लोकल पकडते, घाटकोपरला उतरते आणि तिथून मेट्रोने अंधेरीच्या बाजूला चकाल्यापर्यंत जाते. खांद्याला निळी सॅक लावलेला एक माणूस तिला डोंबिवलीच्या फलाटावर दिसतो. तो पुरुषांच्या डब्यात चढतो, ती बायकांच्या. घाटकोपरच्या पुलावर तो पुन्हा दिसतो, मेट्रोच्या तपासणीच्या रांगेत दोन माणसे मागे असतो आणि कधी कधी चकाल्याच्या सरकत्या जिन्यावरही असतो. एका सकाळी चार ठिकाणी तोच माणूस म्हटल्यावर अंगावर काटा येणे स्वाभाविक आहे. पण हे चार वेगळे योगायोग नव्हेत, एकच आहे. दोघांची नोकरी एका भागात आहे आणि कामावर पोहोचायची वेळ एक आहे, एवढे मान्य केले की बाकीची तीन ठिकाणे आपोआप ओघात येतात. भेटी मोजताना एका प्रवासातल्या सगळ्या गाठी मिळून एक धरायची, हा पहिला नियम. हा नियम न पाळल्यामुळेच निष्पाप सहप्रवाशांवर संशय जातो.

आता थोडा हिशेब करू. ती तरुणी सुट्टी, उशीर, घरून काम हे सगळे धरून पाचपैकी चार दिवस त्याच गाडीला असते. तोही पाचपैकी चार दिवस असतो. दोघेही एकाच दिवशी असण्याची शक्यता शेकडा 64 होते. गर्दीत तो असूनही प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही. निम्म्या वेळा दिसतो असे धरले तर शेकडा 32 उरतात. महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत हे साधारण सात दिवस झाले. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली दोन माणसे महिन्यात सातदा समोरासमोर येतात आणि त्यात कुणाचाही डाव नसतो.

सलग भेटींचे गणित याहून चकवणारे आहे. योगायोग म्हणजे सात भेटी महिनाभर सारख्या अंतराने पसरलेल्या असाव्यात असे मनाला वाटते. प्रत्यक्षात योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी घोळक्याने येतात. वरच्या आकड्यांनीच पाहिले तर एखादा ठरावीक सहप्रवासी महिन्यात कधीतरी सलग चार कामाचे दिवस दिसण्याची शक्यता ढोबळमानाने आठात एक निघते. मात्र असा ओळखीचा चेहरा एकच नसतो. असे दहा चेहरे असले, तर त्यांतला कोणीतरी एक महिन्यात सलग चार दिवस दिसण्याची शक्यता चारात तीन इतकी होते. आणि नेमका तोच चेहरा लक्षात राहतो. इतर नऊ जणांचा विचारही मनात येत नाही, कारण त्यांच्या बाबतीत विचार करण्यासारखे काही घडलेलेच नसते.

जिम आणि अभ्यासिकेत लोलकाप्रमाणे ठरावीक फेऱ्या घालणारी माणसे आणखी दाट असतात. संध्याकाळच्या बॅचला आठवड्यात सहापैकी चार दिवस येणारे दोन सभासद आठवड्यातून अडीच-तीन दिवस एकमेकांना भेटणारच. पुण्यातल्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले ज्या अभ्यासिकांत बसतात, तिथे जागा ठरलेल्या, चहाची वेळ ठरलेली आणि मेसची वेळही ठरलेली. अशा ठिकाणी कोणी रोज दिसतो एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो दिसेनासा झाला तर उलट नवल वाटावे.

अडचण अशी की हा हिशेब मन स्वतःहून करत नाही. एकदा एखाद्या चेहऱ्याची नोंद झाली की नजर त्याला गर्दीतून वेचून काढू लागते. तो पूर्वीही तितकाच दिसत असेल, पण आता प्रत्येक वेळी कळते. शिवाय ज्या दिवशी तो दिसला तो दिवस आठवतो, ज्या दिवशी दिसला नाही तो आठवत नाही. ‘तो रोज असतो’ हे वाक्य बहुतेक वेळा खऱ्या अनुभवातून आलेले असते, पण त्यातला ‘रोज’ मोजलेला नसतो. आणखी एक भानगड म्हणजे दोन वेगळ्या माणसांचा एक माणूस होणे. पांढरा शर्ट, निळी सॅक, कानात इयरफोन या वर्णनात बसणारे दहा जण एका फलाटावर असतात. लांबून पाहिलेल्या माणसाची ओळख कपड्यांवर न ठेवता चालण्याची ढब, केसांची ठेवण, हातातले कडे, बुटांचा रंग अशा न बदलणाऱ्या किंवा क्वचित बदलणाऱ्या खुणेवर ठेवावी. आणि जो टक लावून पाहिला जातो तोही वळून पाहतो. त्याच्या पाहण्याचा अर्थ लावताना आधी पाहिले कोणी हे विसरून चालत नाही.

यावर उपाय म्हणजे वही. मोबाइलमधील नोंदी चालतील, पण त्या रोजच्या रोज व्हायला हव्यात. तारीख, वेळ, जागा, तो दिसला की नाही, आधी कोण आले, त्याने काय केले, बरोबर आणखी कोण होते, एवढे पुरे. ‘आज दिसला नाही’ हीदेखील नोंद आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. दोन-तीन आठवड्यांत चित्र उभे राहते. पुष्कळदा नुसत्या वहीनेच भीती ओसरते, कारण ‘रोज’चे ‘आठवड्यातून दीड वेळा’ होते. आणि जिथे ती ओसरत नाही, तिथे हीच वही पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

वही भरताना तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, निघण्याची वेळ. एकाच वेळी येणे वेळापत्रकाने घडते. गाडीची वेळ, बॅचची वेळ, अभ्यासिका उघडण्याची वेळ सगळ्यांना सारखीच. निघणे मात्र तसे ठरलेले नसते. व्यायाम संपला, पुस्तक मिळाले, फोन आला, कंटाळा आला, अशा स्वतःच्या कारणाने माणूस उठतो. एखादा सभासद ट्रेडमिलवर असताना दुसरा आपली पट्टी गुंडाळून निघतो आणि दोन मिनिटांत पहिलाही यंत्र थांबवून, घाम न पुसता, दाराकडे येतो, हे एकदा झाले तर काही नाही. कधी चाळीस मिनिटांनी, कधी सव्वा तासाने, निघण्याची वेळ दर वेळी वेगळी असूनही पाचपैकी चारदा असे झाले तर ती गोष्ट एका महिन्याच्या सगळ्या सकाळच्या भेटींपेक्षा जास्त बोलकी आहे.

दुसरी, त्याचे स्वतःचे काम. जिममध्ये तो आपले सेट पुरे करतो का? ग्रंथालयात पुस्तक बदलतो का, की कपाटांच्या रांगा बदलतो? फलाटावर तर हे फारच स्वच्छ दिसते. चढता येण्याजोग्या दोन-तीन गाड्या तो सोडून देतो आणि ती आली की तिच्या गाडीला चढतो, हे सहप्रवाशाचे वागणे नव्हे. डोंबिवलीला गर्दीमुळे एखादी गाडी कोणीही सोडतो, त्यामुळे एका प्रसंगावर निष्कर्ष काढू नये. पण इंडिकेटरकडे न पाहता जिन्याकडे तोंड करून उभा राहणारा प्रवासी कशाची वाट पाहतो आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी, आधी कोण येते. तो दर वेळी मागून, थोड्या अंतराने येत असेल तर तो पाठोपाठ चालतो आहे असा अर्थ होऊ शकतो. तो आधीच पोहोचलेला असेल तर पाठलागाची शक्यता संपते आणि दोनच गोष्टी उरतात: त्याला तिथे स्वतःचे काम होते, किंवा ती तिथे येणार हे त्याला आधी कळले होते. बेत अगदी ऐन वेळी ठरला असूनही तो आधी हजर असेल, तर प्रश्न माणसाचा कमी आणि माहितीच्या गळतीचा जास्त असतो.

एवढे करूनही खात्री होत नसेल तर वेळ बदलून पाहण्याची चाचणी करता येते. ती कशी करायची हे त्या डोंबिवलीच्या तरुणीच्याच उदाहरणाने पाहू. तिच्या वहीप्रमाणे निळ्या सॅकवाला आठच्या गाडीला आठवड्यातून दोन-तीनदा असतो. ती पुढच्या दोन आठवड्यांतले दहा कामाचे दिवस घेते आणि पाच चिठ्ठ्यांवर ‘आठ’, पाच चिठ्ठ्यांवर ‘पावणेनऊ’ लिहून रोज सकाळी निघताना एक चिठ्ठी उचलते. चिठ्ठीच का, तर मनाने निवडलेल्या दिवसांत नकळत एक क्रम येतो आणि ओळखीचा माणूस तो हेरू शकतो. उशिराच्या गाडीबद्दल ती कुणाला सांगत नाही. घरच्यांना एवढेच माहीत असते की पुढचे दोन आठवडे वेळ मागेपुढे होईल. कार्यालयातल्या वरिष्ठांची परवानगी मात्र आधीच घेतलेली असते. तिची नेहमीची जागा, डबा, पूल हे सगळे तसेच राहते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळत नाही.

दोन आठवड्यांनी आठच्या पाच दिवसांत तो तीनदा दिसला आणि पावणेनऊच्या पाच दिवसांत एकदाही नाही, असे निघाले तर उत्तर मिळाले. तो आठच्या गाडीचा माणूस आहे. पावणेनऊला तो एकदा दिसला तरी उत्तर बदलत नाही. त्यालाही उशीर होतो, मध्य रेल्वेच्या गाड्याही रखडतात. पण दोन्ही वेळांना तो पाचपैकी चारदा दिसला तर गोष्ट वेगळी. सहप्रवाशाला स्वतःच्या कारणाने इतका उशीर दहा दिवसांतून एकदा होतो असे धरले, तर पाचपैकी चार वेळा तो उशीर नेमका चिठ्ठीने ठरवलेल्या दिवशीच होण्याची शक्यता सुमारे दोन हजारांत एक आहे. योगायोग म्हणून ते सोडून देता येणार नाही.

मात्र योगायोग नाही म्हणजे वाईट हेतू आहे, ही उडी घाईची ठरते. मधे बऱ्याच गोष्टी असतात. त्याची कामाची वेळ त्याच पंधरवड्यात बदलली असेल आणि तो दोन्ही वेळांच्या मधे फलाटावर असेल. हे पडताळायला एखाद्या मैत्रिणीला तिच्या अनुपस्थितीत तो माणूस दिसतो का हे पाहायला सांगता येते. ती फलाटावर नसतानाही तो आठपासून पावणेनऊपर्यंत उभा राहून नंतर निघून जात असेल, तर तो तिची वाट पाहतो. ती नसलेल्या दिवशी तो आठच्या गाडीने निमूट जात असेल आणि उशिराच्या दिवशी मात्र उशिरा येत असेल, तर तिचा त्या दिवशीचा बेत त्याला कुठून तरी समजतो. या दोन प्रकारांची निरगाठ सोडवण्याची रीत वेगवेगळी आहे.

बेत समजत असेल तर तो कुठून, हे शोधताना सर्वांत साध्या वाटांपासून सुरुवात करावी. जिमच्या काउंटरवरचा मुलगा ‘मॅडम आज सातला येणार’ असे सहज सांगून टाकतो. अभ्यासिकेच्या हजेरीवहीत नाव आणि वेळ सगळ्यांना वाचता येते. सोसायटीच्या किंवा बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘आज उशीर होईल’ असे लिहिलेले असते, आणि स्टेटस कोण पाहते याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. धावण्याची, सायकलिंगची नोंद ठेवणारी अ‍ॅप रोजचा मार्ग आणि वेळ इतरांना दाखवू शकतात. ‘स्ट्राव्हा’ या अ‍ॅपमध्ये तर आसपास कोण धावत होते हे दाखवणारी सोय आपोआप चालू असे. 2020 मध्ये टीका झाल्यानंतर ती वापरणाऱ्याने स्वतः सुरू करायची केली. याच्या पुढची पायरी फोनची. व्हॉट्सअ‍ॅपमधील Linked devices या यादीत अनोळखी संगणक जोडलेला आहे का, गुगल मॅप्समध्ये स्थान कुणाला कायमचे दिसते आहे का, गुगल किंवा अ‍ॅपल खाते दुसऱ्या फोनवर उघडे आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. पिशवीत किंवा स्कूटरच्या सीटखाली लपवलेला एअरटॅगसारखा छोटा ट्रॅकर सोबत फिरत असेल तर आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही फोन तशी सूचना देतात. काही सापडले तर ते काढण्याआधी त्याचा फोटो आणि स्क्रीनशॉट घ्यावा.

वाट कोणती हे चाचणीनेही कळते. एका गुरुवारचा बेत फक्त गटात लिहायचा, दुसऱ्या गुरुवारचा फक्त काउंटरवर सांगायचा, तिसऱ्याचा कुणालाच सांगायचा नाही आणि फोन मात्र सोबत ठेवायचा. ज्या बेताला तो उगवतो, त्या बेताची वाट उघडी आहे. कुणालाच न सांगितलेल्या दिवशीही तो आला, तर संशय फोनवर किंवा ट्रॅकरवर जातो.

ही सगळी तपासणी अनोळखी, अजून काहीच न बोललेल्या माणसासाठी आहे. तो पूर्वीचा प्रियकर किंवा नवरा असेल, त्याने कधी धमकी दिली असेल, हात उचलला असेल, घराच्या दारापर्यंत आला असेल, तर चाचण्या करत बसू नये. तिथे हेतूचा प्रश्न उरलेला नसतो आणि वेळ बदलून पाहण्याने तो चिडू शकतो. चाचणी कधीही सुनसान रस्त्यावर करू नये. मागे येणारा खरोखर मागे येतो का हे पाहायला गल्लीबोळात वळणे हा सल्ला सिनेमात शोभतो. गर्दीच्या दुकानात शिरून पाच मिनिटे थांबणे तेवढीच माहिती देते आणि धोका देत नाही.

मुद्दाम जुळवलेल्या भेटींमागे पुष्कळदा आकर्षण असते. आवडलेली मुलगी ज्या वेळी ग्रंथालयात येते त्या वेळी आपणही जायचे, एवढेच त्याने केलेले असते. हिंदी-मराठी चित्रपटांनी नायकाच्या पाठलागाला प्रेमाचा मान दिला, आणि समोरच्या व्यक्तीला त्यातून किती भीती वाटू शकते याकडे दुर्लक्ष केले. हे सगळे वागणे गुन्हा नसते, पण ते थांबायला हवे असेल तर नकार शब्दांत आणि स्पष्ट असावा लागतो. नजर चुकवणे, डबा बदलणे, हसून टाळणे याचा अर्थ तो आपल्या सोयीने लावू शकतो. ‘मला तुमच्याशी बोलायचे नाही, पुन्हा माझ्याजवळ येऊ नका’ हे एकदा, साक्षीदार असताना किंवा लेखी संदेशाने सांगावे आणि नंतर उत्तरे देत बसू नये. दहा संदेश दुर्लक्षून अकराव्याला रागाने उत्तर दिले, तर अकरा संदेश पाठवले की उत्तर मिळते एवढेच तो शिकतो. रोझमेरी पर्सेल, मिशेल पाथे आणि पॉल मलन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांना 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की नकोसा पाठपुरावा पहिल्या दोन आठवड्यांत थांबला नाही तर तो महिनोन्‌महिने चालण्याची शक्यता बरीच वाढते. नकारानंतरचे पहिले पंधरा दिवस म्हणूनच नीट नोंदवावेत.

कधी कधी वही आणि चाचणी दोन्ही योगायोगाकडे बोट दाखवतात, तरी मन मानत नाही. आधी पाठलाग सोसलेल्या व्यक्तीला हे होणे साहजिक आहे. सतत जागरण आणि ताण असला तरी संशय वाढतो. पण पाळत ठेवणारा एकच माणूस न राहता दुकानदार, रिक्षावाले, शेजारी, गाडीतले परके असे अनेक जण मिळून आपल्यावर नजर ठेवतात, अनोळखी लोकांच्या बोलण्यात आपल्यासाठी खुणा आहेत असे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटणे गरजेचे असते. ती भीती खोटी नसते, माणूस खरोखर हाल सोसत असतो. फक्त तिचा उगम फलाटावर नसतो आणि उपचाराने ती कमी होऊ शकते. घरच्यांनी अशा वेळी वाद घालून पटवण्यापेक्षा झोप, ताण यांविषयी विचारत डॉक्टरांपर्यंत नेणे अधिक उपयोगाचे असते.

भारतात स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा 2013 च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम 354-ड मध्ये आला. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधणे किंवा साधायचा प्रयत्न करणे, तसेच तिच्या इंटरनेट, ईमेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर नजर ठेवणे, हे त्यात येते. एकाच गाडीने रोज जाणे यात बसत नाही, आणि नकारानंतरही फलाटावर गाड्या सोडून वाट पाहणे, जवळ येणे, बोलायचा प्रयत्न करणे बसते. म्हणूनच नकाराची तारीख आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद तक्रारीत सर्वांत वजनदार ठरते. पाठलाग होणारी व्यक्ती पुरुष असेल तर हे कलम लागू होत नाही. धमकी असेल तर कलम 351 खाली तक्रार करता येते. रेल्वेच्या हद्दीतला प्रसंग लोहमार्ग पोलिसांकडे जातो, गाडीत असताना 139 आणि कुठूनही 112 या क्रमांकावर मदत मागता येते. हद्दीचा वाद काढून ठाण्यातून परत पाठवता येत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून मग योग्य ठाण्याकडे वर्ग करण्याची तरतूद आहे.

पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, तो जामीनपात्र आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि तो गुन्हा जामीनपात्र नाही. जामीनपात्र याचा व्यवहारातला अर्थ असा की तक्रार झाल्यावर तो माणूस दोन-चार दिवसांत पुन्हा त्याच फलाटावर असू शकतो. त्यामुळे तक्रार देण्याआधीच पुढच्या काही आठवड्यांची सोय लावून ठेवावी: सोबतीला कोण असेल, कोणत्या गाडीने जायचे, जिमच्या आणि अभ्यासिकेच्या व्यवस्थापकाला काय सांगायचे आणि तो पुन्हा जवळ आला तर त्याच दिवशी ठाण्यात कोणाला कळवायचे.